स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये आभार आणि राहिलेलं काम, दोन्ही कसं बोलावं?

उद्या रिव्ह्यू आहे. टीमने जीव तोडून काम केलं, पण रिफंडची स्टोरी राहिली. स्टेकहोल्डर्ससमोर दोन मिनिटांत काय बोलू?

राहिलेलं आधी सांगा, डेमोच्याही आधी. आभारानंतर ‘पण’ आला की लोकांच्या लक्षात फक्त ‘पण’ राहतो. असं बोलता येईल:

“नमस्कार. या स्प्रिंटचं ध्येय होतं, ग्राहकाला स्वतः ऑर्डर रद्द करून रिफंड घेता यावा. रद्द करणं चालू झालंय, रिफंड राहिला. पेमेंट गेटवेचं टेस्ट अकाउंट उशिरा मिळालं आणि ते आधीच मागायला हवं होतं, हे आमच्याकडून सुटलं. तोपर्यंत सपोर्ट टीम रिफंड हातानेच करेल. नेहाने अर्धवट रद्द होणाऱ्या ऑर्डरचा बग रिलीजआधी पकडला, समीरने त्याच दिवशी तो सोडवून टेस्ट लिहिल्या. दोघांचे आणि सगळ्या टीमचे मनापासून आभार.”

कौतुक नावानिशी आणि कामानिशी करा. चूक मात्र ‘आम्ही’ म्हणून सांगा. कोणामुळे उशीर झाला, ते रेट्रोमध्ये बोलायचं.

‘90 टक्के झालंय’ हे वाक्य टाळा. ऐकणारा त्याचा अर्थ ‘उद्या मिळेल’ असा घेतो. डेफिनिशन ऑफ डनमध्ये न बसलेली स्टोरी डेमोत दाखवायची नाही, ती प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये परत जाते. तारीख विचारली, तर तिथल्या तिथे देऊ नका. “टेस्ट अकाउंटवर एक व्यवहार पूर्ण झाला की अंदाज कळवतो,” एवढं पुरे.