घर विकले, घर घेतले. पुरावा काय द्यायचा?

प्रश्न : मी १२ डिसेंबर २०२३ रोजी फ्लॅट विकला. दीर्घकालीन नफा ४० लाख. तो जुलै २०२४ मध्ये, घर घेईपर्यंत असा नफा राखून ठेवायच्या बँकेतल्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवला आणि ५ नोव्हेंबर २०२५ ला ६२ लाखांचा तयार फ्लॅट घेतला. आता आयकर विभाग गुंतवणुकीचा पुरावा मागतोय. काय द्यावे?

विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत खरेदी झाली आणि नफ्यापेक्षा जास्त रक्कम घरात गेली. त्यामुळे घर विकून झालेला नफा नव्या घरात घातल्यास करात मिळणारी कलम ५४ ची सवलत पूर्ण मिळायला हवी. विवरणपत्राला कागद जोडावे लागत नाहीत म्हणून बरेच जण ते जपत नाहीत आणि विचारणा आली की धावपळ होते.

अधिकारी मुख्यतः तारखा आणि पैशांची वाट तपासतात. तारखांसाठी दोन्ही व्यवहारांचे नोंदणीकृत खरेदीखत आणि इंडेक्स-टू द्या. पैशांसाठी कॅपिटल गेन्स खात्याचे पासबुक द्या. त्यात विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत, म्हणजे ३१ जुलै २०२४ पर्यंत, ४० लाख जमा झाल्याचे दिसले पाहिजे. मग त्या खात्यातून पैसे काढताना भरलेला 'सी' नमुना आणि विक्रेत्याला रक्कम गेल्याची बँकेची नोंद लावा.

नेमके इथेच अडते. खात्यातून काढलेले पैसे ६० दिवसांत घरासाठी वापरायचे असतात. ते आधी बचत खात्यात आले असतील, तर तेही पासबुक जोडा. साखळी तुटलेली दिसू देऊ नका. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी घराच्या किमतीत धरतात, त्यांच्या पावत्या असू द्या. सोफा-कपाटांची बिले मात्र पाठवू नका, त्यांचा उपयोग नाही.

खात्यावरचे व्याज दरवर्षी करपात्र असते, ते विवरणपत्रात दाखवले होते ना, तेवढे पाहून घ्या.

प्रश्न : विक्रीची रक्कम मी साध्या मुदत ठेवीत ठेवली आहे. दोन वर्षांत घर घेणारच आहे. चालेल ना?

विवरणपत्राच्या मूळ मुदतीपर्यंत घरात न गुंतवलेली रक्कम कॅपिटल गेन्स खात्यातच हवी. साध्या ठेवीला कायद्यात जागा नाही. मुदत अजून उरली असेल, तर ठेव मोडा आणि हे खाते उघडा. टळली असेल आणि उशिराचे विवरणपत्र भरण्याआधी घराचे पैसे दिले असतील, तर काही उच्च न्यायालयांनी दिलासा दिला आहे. पण तो लढून मिळवावा लागतो.

प्रश्न : नवा फ्लॅट वर्षभरातच विकला तर?

तीन वर्षांच्या आत विकलात, तर वाचवलेला नफा त्याच्या खरेदी किमतीतून वजा होतो. वरच्या उदाहरणात ६२ लाखांची किंमत २२ लाखच धरली जाईल.