घर्षणावरून उष्णता: ‘साम्य’, ‘समानता’ की ‘साधर्म्य’?

प्रश्न: “रेनॉल्ड्स अ‍ॅनालॉजीला मराठीत ‘समानता’ म्हटलं तर चालेल का? नळीतली दाबघट मोजून अभिसरणाचा गुणांक काढतात असं वाचलं. पण दाब आणि उष्णता यांत ‘समान’ काय आहे तेच कळत नाही.”

‘साधर्म्य’ म्हणा. ‘साम्य’ बोलताना चालून जाईल, ‘समानता’ मात्र टाळा. तुमचा गोंधळ त्याच शब्दामुळे झाला आहे, कारण इथे कुठल्याही दोन राशी समान नसतात. शाळेत उपमा अलंकार शिकताना उपमेय, उपमान आणि दोघांतला साधारण धर्म अशी फोड केली असेल. वस्तू वेगळ्या, धर्म एक. इथे उपमेय म्हणजे भिंतीकडून प्रवाहाला मिळणारी उष्णता, उपमान म्हणजे प्रवाहाने भिंतीला दिलेला संवेग. साधारण धर्म कोणता, ते कळलं की दाबघटीवरून गुणांक कसा निघतो तेही कळतं.

नळीतून हवा वेगाने, टर्ब्युलंट अवस्थेत वाहते आहे. मधल्या भागातले हवेचे गोळे सतत भिंतीकडे फेकले जातात आणि भिंतीजवळचे मध्ये येतात. भिंतीच्या दर चौरस मीटरला दर सेकंदाला m किलो हवेची अशी अदलाबदल होते असं समजा. मधून आलेला प्रत्येक किलो आपला वेग V घेऊन येतो आणि भिंतीशी तो गमावतो. म्हणजे भिंतीवरचं घर्षण, दर चौरस मीटरला, mV. तोच किलो भिंतीशी येऊन तिच्या तापमानाला पोचतो आणि परत जाताना cp गुणिले तापमानफरक एवढी उष्णता नेतो. म्हणून उष्णतेचा गुणांक h म्हणजे m गुणिले cp. दोन्हीकडचा m एकच आहे आणि तोच साधारण धर्म. भिंतीवरचं घर्षण τ माहीत असेल, तर m = τ/V, आणि

```
h = τ·cp / V
```

ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८७४ साली बॉयलरच्या तापणाऱ्या पृष्ठभागांबद्दल लिहिताना मांडलेला विचार मुळात हाच. घर्षण आणि उष्णता एकाच वाहनातून प्रवास करतात, म्हणून एकीची मोजणी दुसरीला लागू पडते. यात सोय अशी, की घर्षण मोजायला नळी तापवावी लागत नाही.

τ थेट मोजत नाहीत, तो दाबघटीतून निघतो. नळीच्या दोन टॅपिंगांमधला दाबाचा फरक गुणिले नळीचं छेदक्षेत्र हे बल बरोबर तेवढ्या लांबीच्या भिंतीवरच्या घर्षणाने तोलून धरलेलं असतं. हिशेब केला की

```
τ = ΔP·D / (4L)
```

आता आकडे घालू. गुळगुळीत नळी, आतला व्यास २५ मिमी, टॅपिंगांमधलं अंतर २ मीटर, हवा साधारण ३० अंश सेल्सिअसला, सरासरी वेग सेकंदाला २० मीटर. पाण्याच्या मॅनोमीटरवर ४५ मिमी फरक दिसतो, म्हणजे सुमारे ४४० पास्कल. ४४० ला ०.०२५ ने गुणून ८ ने भागा: τ आला १.३७५ पास्कल. याला २० ने भागलं की m मिळतो, जवळजवळ ०.०६९. दर चौरस मीटर भिंतीशी दर सेकंदाला ६९ ग्रॅम हवेची अदलाबदल. हा m प्रत्यक्ष कोणी वजन करून पाहत नाही, पण मला तो आवडतो, कारण त्यामुळे सूत्र कागदावरून उठून नळीत जातं. हवेचा cp १००७ धरला तर h येतो ६९ वॅट दर चौरस मीटर दर केल्विन. या वाटेने गेलं तर हवेची घनताही वेगळी लागत नाही, τ आणि V पुरतात.

हा आकडा थोडा कमी आहे. कारण आपण धरलं की गोळे थेट भिंतीला भिडतात. प्रत्यक्षात भिंतीला चिकटून एक पातळ थर असतो, जिथे खळबळ मरते. त्या थरातून संवेग श्यानतेमुळे पलीकडे जातो आणि उष्णता वहनाने जाते. ही दोन्ही कामं सारख्याच चपळाईने होतात असं नाही. त्यांचं गुणोत्तर म्हणजे प्रांटल आकडा. तो १ असेल तर रेनॉल्ड्सचं सूत्र जसंच्या तसं लावा. हवेचा तो ०.७१ आहे, म्हणजे थरातून उष्णता संवेगापेक्षा थोडी सहज जाते आणि h वाढायला हवा. १९३०च्या दशकात कोलबर्न आणि चिल्टन यांनी यासाठी प्रयोगांवर बेतलेली दुरुस्ती रूढ केली:

```
h = τ·cp / (V·Pr^(2/3))
```

०.७१ चा दोन-तृतीयांश घात ०.७९६ येतो, आणि ६९ चे ८७ होतात. याच नळीला याच वेगावर नेहमीचं डिटस-बोल्टर सूत्र लावलं तर ८४ च्या आसपास उत्तर येतं, आणि त्याहून काटेकोर मानलं जाणारं ग्नीलिन्स्कीचं सूत्र ७७ देतं. एका मॅनोमीटरवरून काढलेला h दहा-बारा टक्क्यांत बसतो आहे. साधर्म्याकडून एवढीच अपेक्षा ठेवावी. दशांश चिन्हानंतर तीन आकडे लिहिणाऱ्याला खुशाल हटकावं.

पाण्याला ही दुरुस्ती किरकोळ राहत नाही. प्रांटल आकडा ५ असेल तर भागाकार २.९ ने होतो. दुरुस्ती विसरलात तर उत्तर जवळजवळ तिप्पट. प्रांटल आकडा साधारण ०.६ ते ६० असेपर्यंत हे सूत्र वापरतात. पारा किंवा वितळलेलं सोडियम यांना ते लावू नये. त्यांच्यात उष्णता वहनानेच मधल्या भागापर्यंत पसरते, गोळ्यांची वाट पाहत नाही, मग साधारण धर्मच उरत नाही.

आता उपमा मोडते ती जागा, कारण प्रत्यक्ष कामात चुका इथेच होतात. घर्षणाने झालेली दाबघट आणि आकारामुळे झालेली दाबघट मॅनोमीटरला वेगळ्या दिसत नाहीत. वरच्या नळीत टॅपिंगांच्या मध्ये दोन काटकोनी बेंड आले असं समजा. प्रत्येकाचा तोटा-गुणांक ०.९ धरला तर वेगाच्या दाबाच्या (इथे २३३ पास्कल) हिशेबाने दोघांचे मिळून सुमारे ४२० पास्कल वाढतात. मॅनोमीटर ८६० दाखवेल आणि सूत्र निमूटपणे h = १७० देईल. बेंडमध्ये प्रवाह भिंत सोडतो, त्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूच्या दाबांत फरक पडतो, आणि त्या फरकातून आलेल्या बलाला उष्णतेच्या बाजूला जोडीदार नाही. दाब ढकलतो, पण दाब तापवत नाही. बेंडपाशी खळबळ वाढून h थोडा वाढेलही, पण दुप्पट होणार नाही. नळीच्या तोंडाशी झालेल्या तोट्याचंही तसंच. म्हणून पहिल्या टॅपिंगच्या आधी दहा-वीस व्यास सरळ नळी सोडतात आणि दोन टॅपिंगांत काहीही येऊ देत नाहीत. खडबडीत नळीत हीच अडचण छोट्या प्रमाणात भिंतभर पसरलेली असते. प्रत्येक उंचवट्यामागे दाबाचा थोडा फरक पडतो, त्यामुळे घर्षण जितकं वाढतं तितका h वाढत नाही, आणि सूत्र h जास्त सांगतं.

हे ओळखायचं कसं? एक तपासणी नळी न तापवता होते: मोजलेल्या दाबघटीवरून घर्षणगुणांक काढा आणि त्याच रेनॉल्ड्स आकड्याच्या गुळगुळीत नळीशी ताडून पाहा. आपल्या नळीचा रेनॉल्ड्स आकडा सुमारे ३१ हजार आहे आणि घर्षणगुणांक ०.०२३६ येतो, गुळगुळीत नळीला शोभेल असाच. बेंडवाल्या मोजणीत तो ०.०४६ आला असता आणि तिथेच थांबायला हवं होतं. दुसरी तपासणी नळी तापवून. भिंत ४० अंशांवर धरून ठेवा आणि २५ अंशांची हवा आत सोडा. h ८७ असेल तर दोन मीटरनंतर हवा ३५.४ अंशांना बाहेर पडायला हवी, ७७ असेल तर ३४.७ ला. १७० खरा असता तर ३८.५ दिसले असते. साधा थर्मामीटरही एवढा फरक पकडतो.

लॅमिनार प्रवाहात तर गोळ्यांची अदलाबदलच नसते. तरी लोक सूत्र लावतात, आणि ते गोड दिसणारं उत्तर देतं. याच नळीत वेग सेकंदाला १ मीटर केला तर रेनॉल्ड्स आकडा दीड हजारावर येतो. सूत्र h ७.६ सांगतं, आणि भिंत एकाच तापमानाला असताना खरा h ३.९ च्या आसपास असतो. शिवाय दाबघट दोन पास्कलही भरत नाही, म्हणजे पाण्याच्या मॅनोमीटरवर ०.२ मिमी. तिथे मोजायलाच काही नाही.

शब्दांचाच विषय निघाला आहे तर ‘घर्षणगुणांक’ या शब्दाकडेही लक्ष ठेवा. मराठीत (आणि बाहेरही) तो दोन वेगळ्या राशींना वापरतात: डार्सीचा आणि फॅनिंगचा. डार्सीचा फॅनिंगच्या चौपट असतो. साधर्म्याचं सूत्र पुस्तकांत बहुधा असं दिसतं:

```
St·Pr^(2/3) = f/2    (फॅनिंग)
St·Pr^(2/3) = f/8    (डार्सी)
```

इथे St म्हणजे स्टँटन आकडा, h भागिले (घनता गुणिले V गुणिले cp). आलेखावरून डार्सीचा ०.०२३६ उचलून f/2 मध्ये घातला की h ८७ ऐवजी ३४८ होतो. तक्ता कोणाचा आहे हे लिहिलेलं नसेल तर त्याची लॅमिनार रेघ बघा: f = 64/Re असेल तर डार्सी, 16/Re असेल तर फॅनिंग. मी स्वतः या भानगडीत न पडता दाबघटीवरून सरळ τ काढतो आणि लिहितानाही ‘घर्षणगुणांक’ एकटा सोडत नाही, ‘डार्सी घर्षणगुणांक’ असं पूर्ण नाव लिहितो.