रविवारचा सामना आणि गुरुवारचा डोस

*‘माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, सहावीत. त्याला हिमोफिलिया ए, गंभीर प्रकारचा. मागच्या वर्षी मुलांबरोबर क्रिकेट खेळताना गुडघ्यात ब्लीड झाला, तेव्हापासून खेळणं बंद केलंय. तो खिडकीत बसून बघतो आणि म्हणतो, मला क्रिकेटमध्येच काहीतरी करायचंय. त्याला खेळू द्यावं का? आणि पुढे त्याने कोणती लाइन घ्यावी?’ – एक आई, सातारा जिल्हा*

ताई,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात दडलेलं आहे. म्हणून आधी एका मुलाची गोष्ट सांगते. नाव बदलून त्याला ओंकार म्हणू. माझ्याकडे आला तेव्हा तोही सहावीतच होता, वजन तीस किलो. त्याचे आईवडील काळजी घेण्यात तसूभरही कमी पडत नव्हते. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, त्याला फॅक्टर आठचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं, इंजेक्शन मिळायचं. वेळ रात्री आठची, कारण वडील तेव्हा कामावरून यायचे. मुलांचा सामना मात्र रविवारी सकाळी आठला असायचा. दोन वेळा तो खेळला आणि दोन्ही वेळा उजवा घोटा सुजला. घरात ठरून गेलं, क्रिकेट याला सोसत नाही.

हिमोफिलिया केंद्रातल्या डॉक्टरांनी कागद ओढला आणि ओंकारलाच गणित घालून दिलं. त्याचा डोस होता ७५० युनिट, म्हणजे किलोमागे २५. फॅक्टर आठचं एक युनिट किलोमागे दिलं की रक्तातली पातळी साधारण दोन टक्क्यांनी वाढते. म्हणजे इंजेक्शन झाल्या झाल्या पातळी पन्नास टक्क्यांच्या आसपास. पुढे दर बारा तासांनी ती निम्मी होत जाते. गुरुवारी रात्री पन्नास, शुक्रवारी सकाळी पंचवीस, रात्री साडेबारा टक्के, शनिवारी सकाळी सहा, रात्री तीन. आणि रविवारी सकाळी आठला, नाणेफेक होते तेव्हा, दीड टक्का! हे पोर पातळी जवळजवळ रिकामी असताना मैदानात उतरत होतं. दोष क्रिकेटचा नव्हता, वेळेचा होता.

डॉक्टरांनी वेळापत्रक बदललं. रविवार, मंगळवार, शुक्रवार, तिन्ही सकाळी सातला. रविवारचा डोस घेऊन तासाभरात मैदान. हे आकडे ओंकारचे आहेत, तुमच्या मुलाचे नव्हेत. लहान मुलांत फॅक्टर बारा तासांपेक्षा लवकरही निम्मं होतं, आणि शरीरात फॅक्टरला निकामी करणारे इनहिबिटर तयार झाले असतील तर हे गणितच लागू पडत नाही. त्याला फॅक्टरऐवजी एमिसिझुमॅब हे औषध चालू असेल तर पातळीचा असा चढउतार नसतो, पण मोठा मार लागल्यावर फॅक्टर द्यावंच लागू शकतं. म्हणून डोसांच्या तारखा आणि वेळा लिहिलेली वही घेऊन डॉक्टरांना विचारा, ‘याची पातळी सर्वांत जास्त कधी असते?’

गणित सुटलं तरी दोन महिने त्याला खेळायला मिळालं नाही. फिजिओथेरपिस्टने आधी मांडीचे आणि पोटरीचे स्नायू बळकट करून घेतले. वर्षभर बसून राहिलेल्या मुलाचे स्नायू सैल पडतात, मग धावताना सगळा भार थेट सांध्यावर येतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला खिडकीतल्या त्या वर्षाचीच जास्त काळजी वाटते.

मग ओंकारने पाच मित्रांना घरी बोलावलं आणि त्यांच्या देखत डोस घेतला. तोवर मुलांना वाटायचं, याला नुसतं खरचटलं तरी हा रक्त वाहून मरेल. त्याने सांगितलं, ‘खरचटलं तर दाबून धरलं की थांबतं. आतलं रक्त दिसत नाही, ते वाईट.’ नियम मुलांनीच ठरवले. लेदरचा चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास भरतो, टेनिसचा त्याच्या जवळजवळ एक तृतीयांश, म्हणून चेंडू टेनिसचाच. फलंदाजीला हेल्मेट. डाइव्ह मारायची नाही. तो वेगवान गोलंदाजी टाकायचा नाही, कारण चेंडू सोडताना पुढच्या पायाच्या घोट्यावर सगळं अंग आदळतं. दोन पावलांची फिरकी टाकायचा. जवळच्या उसाच्या गुऱ्हाळात बर्फ मिळायचा, तिथल्या काकांनाही सांगून ठेवलं होतं.

तरी एकदा चुकलंच. दुसऱ्या गल्लीशी सामना ठरला गुरुवारी संध्याकाळी. मंगळवारचा डोस उतरलेला, पण ओंकार गेला. चौथ्या षटकात घोट्यात मुंग्या आल्यासारखं झालं, आतून ऊबदार वाटलं. सूज नव्हती, दुखतही नव्हतं. ब्लीड सुरू होताना असंच वाटतं आणि हे त्या मुलाशिवाय कुणालाच कळू शकत नाही. त्याने सांगितलं नाही, डाव संपवायचा होता. यष्टिरक्षक मित्राच्या लक्षात आलं की हा टाच टेकत नाहीये. त्यानेच खेळ थांबवला आणि सायकलवर डबलसीट घरी आणलं.

आईने आधी फॅक्टर दिलं, बर्फ नंतर. क्रम हाच. फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं बर्फ, पाय उशीवर, दुखलं तर पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन अजिबात नाही, त्यांनी रक्तस्राव वाढतो. (डोक्याला मार लागला तर तो ठीक दिसत असला तरी आधी फॅक्टर आणि लगेच रुग्णालय, उलटी होण्याची वाट बघायची नाही.) पुढे आई रोज शिंप्याच्या टेपने दोन्ही घोट्यांचा घेर मोजून कॅलेंडरवर लिहायची. दोन्ही आकडे जुळले, पाय पूर्वीसारखा वाकू लागला आणि फिजिओथेरपिस्टने होकार दिला, तेव्हाच तो परतला. तीन आठवडे गेले. त्यानंतर मुंग्या आल्या की तो स्वतः हात वर करायचा.

आता पुढच्या लाइनबद्दल. ‘खेळता येत नाही तर स्कोअरर हो’ असं त्याला आज म्हणू नका. बाराव्या वर्षी ती शिक्षा वाटते. ओंकारच्याही हातात आधी मित्रांनी वहीच दिली होती, ती त्याने भिरकावली होती. खेळायला मिळाल्यावर दोन वर्षांनी ती स्वतःहून उचलली. आज बारावीत आहे, संख्याशास्त्र आवडतं, क्रिकेट संघटनेच्या स्कोअरर परीक्षेची तयारी करतोय. पंच व्हायचा विचार त्याने सोडला, कारण दिवसभर उभं राहणं त्या घोट्याला झेपत नाही. कोणती कामं झेपतील हे अठराव्या वर्षी सांधे कसे आहेत यावर बरंच ठरतं, म्हणून मुलाचे गुडघे आणि घोटे आत्ता सांभाळणं हीच त्याच्या करिअरची पहिली तयारी समजा. दुसरी म्हणजे स्वतः शिरेत इंजेक्शन घेणं. केंद्रातल्या परिचारिकेकडून हे त्याला आताच शिकायला लावा, कारण ते आलं की वसतिगृह आणि परगावची नोकरी दोन्ही शक्य होतात.

एक कागदही करून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त आलं तर सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत पाच टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. सरकारी नोकरीच्या चार टक्के आरक्षणात मात्र नुसता हिमोफिलिया बसत नाही, तिथे सांध्यांमुळे आलेलं चलनवलनाचं अपंगत्व धरलं जातं. त्या भरवशावर बेत आखू नका.

पुढच्या पत्रात एवढं कळवा: त्याचे डोस कोणत्या वारी, किती वाजता असतात, आणि तुमच्या गल्लीतली मुलं कधी खेळतात.