जायफळाचे वळसे, बोंडांचं पाणी आणि बाळाची झोप

"बाळ चाळीस दिवसांचं, आमचं पहिलंच. आम्ही निपाणीजवळच्या खेड्यात राहतो. संध्याकाळी सातपासून अकरापर्यंत रडतं, रात्री दर दोन तासांनी उठतं. सासूबाई रोज गुटी देतात, आता म्हणतात जायफळाचे वळसे वाढवूया. शेजारच्या मावशी म्हणतात, बोंडांचं पाणी चमचाभर पाज, आमची सगळी पोरं त्यावरच वाढली. एवढ्याशानं खरंच काही होतं का? नाही द्यायचं तर करायचं काय?"

बोंडांचं पाणी थेंबभरही नको. जायफळ आजपासून बंद करा. दोन्हींचा धोका सारखा नाही, म्हणून वेगवेगळं सांगते.

बोंडं म्हणजे खसखस काढून घेतल्यावर उरलेली अफूच्या झाडाची फळं. त्यांच्या सालीत मॉर्फिन असतं, म्हणजे गुंगी आणून श्वास मंदावणारं द्रव्य. किती, ते बोंडागणिक बदलतं. एक बोंड भिजवलं की पाण्यात काय उतरलं हे चवीवरून किंवा रंगावरून कुणालाच कळत नाही. कालचा चमचा आणि आजचा चमचा सारखा असेलच असं नाही. मोठ्या माणसाचं यकृत मॉर्फिन भराभर निकामी करतं, दोन-तीन तासांत अंगातलं निम्मं जातं. पहिल्या काही आठवड्यांच्या बाळाला त्याच कामाला साधारण सहा-सात तास लागतात, कारण ते काम करणारी यकृतातली यंत्रणा अजून तयार होत असते. मग सकाळी एक चमचा आणि संध्याकाळी एक चमचा दिला, तर संध्याकाळचा चमचा जातो तेव्हा सकाळचा पाव हिस्सा अंगात शिल्लक असतो. दोनाऐवजी तीन वेळा दिला तर साठा आणखी चढतो. म्हणून पहिल्या दिवशी "बाळाला मानवलं" असं वाटलं तरी घात पुढच्या दिवसांत होऊ शकतो.

मी मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते. ऊसतोडीच्या हंगामात एक बाळ आलं होतं, त्याची हकीकत सांगते. दोन महिन्यांचं लेकरू. टोळी चिकोडीकडच्या फडात उतरलेली. आई पहाटे कोयता घेऊन जायची आणि बाळ बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत असायचं. फडातून दर दोन तासांनी पाजायला येणं तिला जमणारं नव्हतं. टोळीतल्याच एका म्हाताऱ्या बाईनं बोंड भिजवून पाणी द्यायला सुरुवात केली. आईला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही. फडात सावली नाही, पाळणाघर नाही, आणि काम थांबलं की मुकादम उचलीतून कापणार.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळ उठेना. सकाळपासून एकच लंगोट ओला झाला होता आणि दोन दिवस शी नव्हती. आमच्याकडे पोचलं तेव्हा ओठ निळसर, हातपाय थंड, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. श्वास मी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजले तर बारा भरले. या वयात झोपेतही तीस ते साठ असायला हवेत. डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध दिलं का?" सगळे म्हणाले, "काहीच नाही." खोटं बोलत नव्हते ते. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच. मग मी विचारलं, "झोपावं म्हणून काय पाजता?" तेव्हा त्या म्हाताऱ्या बाईनं कमरेची चंची सोडून फडक्यातली सुकी बोंडं दाखवली.

तोंडावर मास्क लावून पंपानं श्वास दिला, अफूचा असर उतरवणारं नॅलोक्सोनचं इंजेक्शन दिलं, आणि मिनिटा-दोन मिनिटांत बाळ रडलं. आई उठलीच घरी न्यायला. डॉक्टरांनी थांबवलं, आणि बरं झालं, कारण तासाभरात श्वास पुन्हा मंदावला. नॅलोक्सोनचा असर लवकर ओसरतो, बोंडाचा अंगातच असतो. इंजेक्शन पुन्हा द्यावं लागलं. रक्तातली साखरही फार उतरली होती, कारण झोपेच्या नादात बाळानं दिवसभर नीट प्यायलंच नव्हतं. ते बाळ वाचलं.

असं झोपवलेलं बाळ झोपलेलं नसतं, गुंगीत असतं. साध्या झोपेत नाकावर दुपटं आलं तर बाळ मान वळवतं, हातपाय झाडतं, रडतं. भूक लागली की उठतं. गुंगीत हे उठणंच बंद होतं. झोळीत हनुवटी छातीला टेकली तरी ते मान सोडवून घेत नाही. तुमचं बाळ दोन तासांनी उठतं त्यात बिघाड काहीच नाही. या वयात पोट लहान, आणि अंगावरचं दूध दोन-तीन तासांत पचतं.

आता जायफळ. इकडच्या बाजारात कन्नड दुकानदार त्याला जायिकायी म्हणतो, आणि गुटीच्या पुडीत ते असतंच. त्यातलं मिरिस्टिसिन मेंदूवर काम करतं. मोठ्या माणसानं एक अख्खं जायफळ खाल्लं तरी छाती धडधडणं, तोंड कोरडं पडणं, भ्रम होणं असे प्रकार होतात. त्यावर उतारा नाही, ओसरेपर्यंत नुसतं सांभाळायचं. सासूबाईंच्या एका वळशात त्याचा कणभर अंश असतो, एका वळशानं बाळ दगावतं असं मी म्हणणार नाही. अडचण आहे ती सहाणेची. नवी खरखरीत सहाण एका वळशात दाट गंध देते, जुनी गुळगुळीत झालेली तीन वळशांतही पातळ. हात जड की हलका, पाणी किती, यावरही फरक. शिवाय जायफळाचा असर हळू येतो, तीन ते सहा तासांनी. सातला दिलं, आठला बाळ रडतंच आहे, म्हणून पुन्हा दोन वळसे. आणि मध्यरात्री दोन्ही एकदम चढतात. "वळसे वाढवूया" यातच धोका आहे. कमी पडलं म्हणून वाढवलं, तर बाळ झोपेल तो वळसा नेमका मेंदूपर्यंत पोचलेला असणार.

"आमची पोरं त्यावरच वाढली" याला माझ्याकडे सौम्य उत्तर नाही. जी वाढली ती आज सांगायला आहेत. जी गेली त्यांच्याबद्दल "दृष्ट लागली" किंवा "झोपेतच गेलं" असं म्हटलं गेलं, बोंडाचं नाव कुणी घेतलं नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका अफूची 'बाळागोळी' देऊन पाळीला जायच्या, हे त्या काळच्या सरकारी अहवालांतही आलं आहे.

बोंडांचं पाणी कुणी आधीच चार-आठ दिवस देत असेल, तर घरच्या घरी एकदम बंद करू नये, बालरोगतज्ज्ञांकडे न्यावं. अंगाला सवय झालेली असते. बंद केलं की बाळ किरर आवाजात रडतं, थरथरतं, सारखं शिंकतं, घाम येतो, पातळ शी होते. घरच्यांना वाटतं, "बघा, बोंडाशिवाय याला चैन नाही," आणि पुन्हा चमचा तोंडात जातो. जायफळाचं तसं नाही, ते सरळ बंद करता येतं. मेडिकलमधून सर्दीचं सिरप आणून झोपवणं हाही तोच प्रकार. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सिरपं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितलंय.

मग करायचं काय? आधी रडण्याचं वय बघा. बहुतेक बाळांचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. तेही जास्त करून संध्याकाळी. तुमचं बाळ बरोबर त्या टोकावर आहे. दिवसभरात सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि वजन रोज वीस-तीस ग्रॅमच्या हिशेबानं वाढत असेल, तर दूध पुरतंय. मग गुटी नको, पाणीही नको, सहा महिने फक्त अंगावरचं.

संध्याकाळी सातची वाट न बघता साडेपाच-सहापासूनच तासा-तासाला पाजा. बरीच बाळं या वेळी पाठोपाठ मागतात, म्हणजे दूध आटलंय असं नाही. प्यायल्यावर खांद्यावर उभं धरून ढेकर काढा. आठनंतर टीव्ही बंद, एकच मंद दिवा, बोलणं हळू. पंख्याची एकसुरी घरघर बऱ्याच बाळांना मानवते. उलट सकाळी खिडकी उघडा, दिवसा घरातले आवाज चालू ठेवा. दिवस-रात्रीचा फरक बाळाला कळायला साधारण तीन महिने लागतात, त्याआधी अख्खी रात्र झोपेल ही अपेक्षा सोडा. रात्री पाठीवर, सपाट अंथरुणावर, उशीशिवाय झोपवा. झोळी जागेपणी आणि डोळ्यांसमोर.

सासूबाईंच्या हातून सहाण काढून घेतली तर घरात वाद होणार, हे मला माहीत आहे. तेल-मालिश आणि कोमट पाण्याची अंघोळ त्यांच्याकडेच ठेवा, हवं तर सकाळऐवजी सूर्यास्ताला करा. सात ते नऊ बाळाला खांद्यावर घेऊन फिरवायचं काम त्यांना द्या, तेवढ्यात तुमची एक झोप होईल. धुरीची शेगडी मात्र बंद खोलीत नको. आणि रडणं असह्य झालं, हात थरथरू लागले, तर बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवून पाच मिनिटं अंगणात जा. गदागदा हलवू नका.

बाळ पाजायला उठवूनही उठत नसेल, लागोपाठ दोन वेळा प्यायलं नसेल, मिनिटाला तीसपेक्षा कमी श्वास घेत असेल, ओठ निळे पडले असतील, हिरवी उलटी किंवा १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर १०८ ला फोन करा. उलटी करवू नका, गुंगीत दूध पाजू नका, पाठीवर ठेवून हनुवटी किंचित वर धरा. बोंडं किंवा गुटीची पुडी सोबत न्या. अफू बेकायदा आहे म्हणून बरेचजण नाव लपवतात, पण नाव कळलं नाही तर नेमकं इंजेक्शन उशिरा मिळतं.

बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी यायच्या आहेत. त्यांच्याकडून वजन करून घ्या आणि रोज किती लंगोट ओले होतात ते तोवर कागदावर लिहून ठेवा. दीड महिन्याची लस त्याच सुमारास असते. त्या रात्री लसीमुळे ताप येऊ शकतो, किरकिर वाढू शकते, तेव्हा लस देणाऱ्या सिस्टरनं वजनाप्रमाणे लिहून दिलेलं पॅरासिटामॉल द्या, आणि मावशी चमचा घेऊन आल्याच तर बाळ तुमच्या हातात ठेवा.