मूळ प्रमाणपत्रं कंपनीकडे अडकली आहेत, परत कशी मिळवू?

"जॉइन होताना कंपनीने डिग्री आणि मार्कशीट ओरिजिनल ठेवून घेतल्या. दोन वर्षांचा बाँड आहे. आता राजीनामा द्यायचाय, एचआर म्हणतं बाँडचे पैसे भरा, मग कागद मिळतील."

बाँड आणि कागद हे दोन वेगळे विषय आहेत. प्रशिक्षणाच्या खर्चापोटी वाजवी रकमेचा बाँड वैध ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये एका बँकेचा दोन लाखांचा बाँड मान्य केला. पण ती रक्कम मागायला कंपनीने दावा लावावा. करार कायद्याच्या कलम 171 नुसार येणं वसूल होईपर्यंत दुसऱ्याची वस्तू अडकवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क बँका, वकील अशा मोजक्यांनाच आहे. इतरांना तो स्पष्ट करार असेल तरच मिळतो, म्हणून आधी नेमणूकपत्र नीट वाचा.

मग एचआरला ईमेल करा: कोणते कागद, कधी दिले, कोणत्या तारखेपर्यंत हवेत. पोचपावती नसेल तर हा ईमेल फार मोलाचा, कारण "कागद आमच्याकडेच आहेत, पैसे भरा" असं उत्तर आलं की तोच पुरावा. ऐकलं नाही तर वकिलाची नोटीस. तरीही नाही, तर स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या कलम 7 आणि 8 खाली वस्तू परत मिळवण्याचा दिवाणी दावा. बहुतेक प्रकरणं नोटिशीवरच मिटतात, असं माझं मत.

आणि डुप्लिकेटसाठी "हरवलं" असं खोटं प्रतिज्ञापत्र देऊ नका. ते उलट तुमच्याच अंगाशी येईल.