तिसऱ्या आठवड्यात अलार्म बंद करू नका

"मुलगा ८ वर्षांचा आहे, अजून रोज रात्री अंथरूण ओलं होतं. अलार्म आणून तीन आठवडे झाले. तो ढिम्म उठत नाही, आम्ही दोघंच जागे होतो. आता अलार्म बंद करून गोळी सुरू करावी का? पुढच्या महिन्यात शाळेची मुक्कामाची सहलही आहे."

तुमची पोस्ट वाचली आणि आमचे ते दिवस आठवले. आमची मुलगीही तेव्हा ८ वर्षांचीच होती आणि आम्हीही बरोबर तिसऱ्या आठवड्यात, चड्डी ओली होताच वाजणारा तो अलार्म काढून कपाटात टाकला. त्या एका चुकीपायी वर्ष गेलं. मी डॉक्टर नाही, एक आई आहे. औषधाचं काय ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांनाच विचारा. पण अलार्मबद्दल मी ठामपणे बोलणार आहे.

ज्या क्लिनिकमधून आम्हाला अलार्म मिळाला तिथे एवढंच सांगितलं, "चड्डीला लावा, वाजला की ती उठेल. महिनाभरात फरक पडला नाही तर उपयोग नाही." दोन मिनिटांत आम्ही बाहेर. रात्री साडेअकराला तो कर्कश वाजायचा, सगळं घर उठायचं आणि ती मात्र गाढ झोपेत. मग मी धावत जाऊन अलार्म बंद करायचे, ती झोपेत असतानाच तिचे कपडे आणि चादर बदलायचे आणि तिला परत पांघरूण घालायचे. मला वाटायचं, बिचारीची झोप मोडायला नको. पण तिच्या मेंदूला जे शिकायचं होतं, तेच मी रोज रात्री तिच्या हातून काढून घेत होते. मूत्राशय भरतं आहे, हा निरोप गाढ झोपेत मेंदूपर्यंत पोचायला हवा, आणि अलार्म तेवढ्यासाठीच असतो. सुरुवातीचे काही आठवडे बहुतेक मुलं आवाजाने उठत नाहीत. तेव्हा उठवायचं काम आपलंच असतं, हे मला कोणीच सांगितलं नाही. त्याचा राग अजून आहे.

वर्षभराने दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अलार्म कोण बंद करतं?" दुसरा प्रश्न होता, "शौचाला रोज होते का?" होत नव्हती. तिसऱ्या दिवशी, तीही कडक. भरलेलं मोठं आतडं मूत्राशयाला दाबतं आणि त्यात लघवी मावत नाही. म्हणून आधी बद्धकोष्ठावर उपचार झाले. हे तुमच्याकडे कोणी विचारलं नसेल तर आधी ते बघा.

मग त्यांनी शनिवार-रविवार दिवसभर मापाच्या भांड्यात लघवी मोजायला सांगितली. वयात एक मिळवून ३० ने गुणायचं, म्हणजे ८ वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण २७० मिली मावायला हवं. आमच्याकडे सकाळची पहिली लघवी सोडून सगळ्यात मोठा आकडा १६० आला. रात्रीची लघवी मोजायला काही दिवस डायपर लावून सकाळी त्याचं वजन केलं, कोरं वजन वजा केलं आणि उठल्यावरची पहिली लघवी त्यात मिळवली. ती फार भरली नाही. म्हणजे तिचं मूत्राशय लहान होतं, रात्री लघवी जास्त तयार होत नव्हती. उलट असतं, म्हणजे मूत्राशय पुरेसं मोठं पण रात्री भरमसाट लघवी, तर डेस्मोप्रेसिनची गोळी चांगली लागू पडते. कारण रात्री लघवी कमी करणारं जे संप्रेरक शरीरात वाढायला हवं, तेच ते औषध बाहेरून देतं. तुम्ही गोळीचा निर्णय घेण्याआधी हे दोन आकडे डॉक्टरांसमोर ठेवा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

दुसऱ्या वेळी अलार्म असा चालवला. वाजला की मी तिच्याजवळ जायचे, तिला बसवायचे, दिवा लावायचे आणि ती नीट जागी झाली आहे का हे बघायला उद्या कोणता वार आहे ते विचारायचे. उत्तर बरोबर आलं की बटण तिनेच बंद करायचं, स्वतःच्या पायांनी संडासात जायचं, उरलेली लघवी करायची, कोरडी चड्डी घालायची आणि अलार्म परत लावायचा. चादरीला मी हात लावायचे, बाकी सगळं ती. दोन आठवडे ती रडवेली व्हायची आणि मीही थकून जायचे. चौथ्या आठवड्यात वहीत पाहिलं तर ओल्या रात्री तेवढ्याच होत्या, पण डाग चादरीवरून फक्त चड्डीपुरता आला होता आणि अलार्म साडेअकराऐवजी दोनला वाजत होता. ही पहिली खूण. कोरड्या रात्री त्यानंतर येतात, म्हणून नुसत्या कोरड्या रात्री मोजणारे कंटाळून सोडून देतात. सहाव्या आठवड्यात ती आवाजाने आपण होऊन उठली. अकराव्या आठवड्याअखेर सलग १४ रात्री कोरड्या गेल्या, तेव्हा थांबलो. पाच महिन्यांनी पुन्हा ओलं झालं, तेव्हा दोन आठवडे अलार्म लावला आणि जमलं. सगळ्यांना जमतंच असं नाही. नीट वापरूनही दोन-तीन महिन्यांत काहीच हललं नाही, तर थांबायला हरकत नाही.

सहलीसाठी मात्र गोळी उपयोगी पडते, आम्हीही वापरली. पण ती पहिल्यांदा सहलीत द्यायची नाही. डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी घरी लागू पडते का ते बघा. झोपण्याच्या तासभर आधी गोळी, आणि गोळीच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी फक्त घोटभर. हा नियम लवचीक नाही. औषध लघवी कमी करतं आणि मूल पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, मळमळ, गुंगी, बरळणं दिसलं तर पुढची गोळी न देता तडक रुग्णालयात जा. ताप, उलट्या किंवा जुलाब असतील त्या रात्री गोळी नको. साधी गोळी आणि जिभेखाली विरघळणारी गोळी यांचे आकडे वेगळे असतात, त्यामुळे एकीचा डोस दुसरीला लावू नका. सहलीत पाण्यावर लक्ष कोण ठेवणार, ते एका शिक्षकांशी खासगीत बोलून ठरवा. गोळी त्या रात्रीपुरती असते, बंद केली की बऱ्याच मुलांचं पुन्हा सुरू होतं.

सहा महिने कोरडं राहून पुन्हा सुरू झालं असेल, तहान फार लागत असेल, वजन घटत असेल, लघवीला जळजळ असेल, दिवसाही कपडे ओले होत असतील किंवा मूल जोरात घोरत असेल, तर अलार्म वगैरे बाजूला ठेवून आधी तपासणी करा.

आणि मुलाला रागावू नका. झोपेत जे होतं ते त्याच्या हातात नसतं. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात चाळीसच्या वर असते. आमच्या यजमानांनी एका रात्री, ती कोरडी चड्डी चढवत असताना, दारात उभं राहून सांगितलं, "माझं दहाव्या वर्षापर्यंत व्हायचं." लग्नाला बारा वर्षं झाली होती, मलाही ते ठाऊक नव्हतं. ती थबकली आणि म्हणाली, "मग तुमचं कसं थांबलं?" त्यानंतर तिने चादर लपवणं सोडलं.

तुमच्या तीन आठवड्यांत अलार्म कोणी बंद केला, ते आधी सांगा. वही ठेवली असेल तर डाग केवढा पडायचा आणि किती वाजता वाजायचा तेही लिहा, मग पुढचं बोलता येईल.