बचत गट, मायक्रोफायनान्स, सामाजिक उद्योग आणि स्टार्टअप यांत फरक कसा ओळखायचा?

प्रश्न: उद्योजकतेच्या पेपरात हे चारही शब्द येतात आणि माझा गोंधळ होतो. नेमका फरक कशावरून ठरवायचा?

उत्तर: नफा होतो की नाही, हे पाहू नका; चौघांकडेही पैसा उरू शकतो. उरलेला पैसा कोणाकडे जातो, ते शोधा.

समजा, गटात 12 जणी आहेत आणि प्रत्येक जण महिन्याला 100 रुपये टाकते. पाच महिन्यांत 6,000 रुपये जमतात. ते एकीला दरमहा 2 टक्क्यांनी दिले, तर पहिल्या महिन्याचं व्याज 120 रुपये. हे व्याज गटाच्याच निधीत जातं, म्हणजे तिचाही त्यात वाटा राहतो. कर्ज कोणाला द्यायचं हेही बैठकीत सदस्याच ठरवतात. हा बचत गट.

तेच कर्ज मायक्रोफायनान्स कंपनीकडून घेतलं, तर व्याज कंपनीचं. कर्जदार इथे मालक नसते, ग्राहक असते. बहुतेक जण इथेच चुकतात: कर्ज गरिबांना, विनातारण दिलं म्हणून संस्था आपोआप ‘सामाजिक’ होत नाही. भारतातल्या काही मायक्रोफायनान्स कंपन्या शेअर बाजारातही आहेत.

सामाजिक उद्योग वस्तू किंवा सेवा विकूनच चालतो, पण नफ्याचा मोठा भाग मूळ सामाजिक कामातच परत घालतो. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेचे संस्थापक मुहम्मद युनूस यांच्या मांडणीत तर गुंतवणूकदाराला फक्त मुद्दल परत मिळतं, लाभांश नाही.

नफ्यासाठीच्या स्टार्टअपमध्ये गुंतवणूकदार हिस्सा घेतो आणि पुढे तो जास्त किमतीला विकता येईल, या अपेक्षेवर सगळे निर्णय होतात.